विमा एजंटची परीक्षा, ट्रेनिंगचे तास आणि ‘लायसन्स’ची मुदत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विमा एजंट व्हायला निघालेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात चार जण चार आकडे सांगतात. कुणी म्हणतं शंभर तासांचं ट्रेनिंग, कुणी पन्नास, कुणी पंचवीस. कुणी म्हणतं बारावी हवी, कुणी दहावीवर चालतं. लायसन्स तीन वर्षांचं असतं असं बहुतेक सगळेच सांगतात. यातला जवळजवळ प्रत्येक आकडा कधी ना कधी खरा होता, किंवा दुसऱ्या कुणासाठी आजही खरा आहे. म्हणून खालच्या उत्तरांत प्रत्येक आकडा कुणाचा आणि कुठल्या काळातला, हे सांगितलं आहे.

आता लायसन्स मिळतं की नाही?

बोलताना सगळे लायसन्सच म्हणतात, पण कायद्यात वैयक्तिक एजंटसाठी ते आता उरलेलं नाही. विमा कायदा, १९३८ च्या कलम ४२ खाली पूर्वी नियामक, म्हणजे आयआरडीए, एजंटला परवाना देत असे. २०१५ च्या दुरुस्तीने ही पद्धत बदलली. आता विमा कंपनीच एजंटची नेमणूक करते आणि त्याबद्दल नियामकाला जबाबदारही तीच राहते. त्याचे तपशीलवार नियम १ एप्रिल २०१६ पासून लागू झाले.

त्यामुळे तुमच्या हातात येतं ते कंपनीचं नेमणूकपत्र आणि ओळखपत्र. एजन्सी कोड असतो तोही कंपनीचाच. परीक्षा मात्र कंपनीची नाही. ती भारतीय विमा संस्थान घेतं. या संस्थेचं मुख्य कार्यालय मुंबईत आहे, आणि अभ्यासाचं ‘आयसी-३८’ हे पुस्तकही तिचंच.

हा फरक नुसता शब्दांचा नाही. मुदत, नूतनीकरण, कंपनी बदलणं, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं यातूनच निघतात.

पात्रता काय लागते? बारावी नापास चालतो का?

चालतो. दहावी पास पुरेसं आहे, गाव असो की शहर. बारावीची अट जुन्या नियमांतली. तेव्हा पाच हजार किंवा त्याहून जास्त लोकवस्तीच्या ठिकाणी राहणाऱ्याला बारावी लागायची आणि लहान गावात दहावी चालायची. आता हा भेद नाही.

वय १८ पूर्ण हवं, कारण अज्ञान व्यक्तीला कायद्यानेच एजंट होता येत नाही. वरची वयोमर्यादा नाही, त्यामुळे निवृत्तीनंतर येणारे बरेच असतात. पॅन कार्ड मात्र लागतंच, कारण एजंटांची सगळी नोंद पॅनवरच चालते.

अपात्र कोण, तेही कलम ४२ मध्ये आहे. विश्वासघात, अफरातफर, फसवणूक, खोटे दस्तऐवज असल्या गुन्ह्यांत दोषी ठरलेल्याला नेमणूक मिळत नाही. शिक्षा पूर्ण होऊन किमान पाच वर्षं उलटली असतील तर ही आडकाठी राहत नाही.

मी सरकारी नोकरीत आहे. पत्नीच्या नावावर एजन्सी घेऊन काम मी केलं तर?

करू नका. हा प्रश्न शाळाशाळांतून आणि कचेऱ्यांतून इतका विचारला जातो की जरा सविस्तर सांगतो.

पत्नीने स्वतः एजंट व्हायला हरकत नाही. परीक्षा तिने द्यावी, ग्राहकाकडे तिने जावं, फॉर्म तिने भरून घ्यावा, कमिशन तिच्या खात्यात यावं. अडचण येते ती नावापुरत्या एजन्सीची. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठीचे वर्तणूक नियम तर स्पष्टच सांगतात की पत्नीच्या किंवा घरातल्या कुणाच्याही विमा एजन्सीसाठी कर्मचाऱ्याने ग्राहक गोळा करणं हाही नियमभंग आहे. राज्याच्या कर्मचाऱ्यांनी आपले वर्तणूक नियम वाचावेत आणि वरिष्ठांना लेखी विचारावं.

विम्याच्या बाजूनेही यात मोठा धोका आहे. प्रस्ताव अर्जावर एजंट म्हणून जिची सही असते, तिने विमेदाराला पाहिलेलं असतं असं कंपनी गृहीत धरते. विमेदाराची तब्येत, धंदा, उत्पन्न याबद्दल एजंटचा गोपनीय अहवाल त्याच सहीने जातो. उद्या दावा आला आणि चौकशीत ‘मी या माणसाला कधी भेटलेच नाही’ असं पत्नीला सांगावं लागलं, तर तिची एजन्सी जाईलच, पण आधी त्या घराचा दावा लटकेल.

परीक्षेआधी किती तासांचं ट्रेनिंग लागतं?

आयुर्विमा महामंडळ आणि इतर अनेक कंपन्या एजंट होऊ पाहणाऱ्याला २५ तासांचं ट्रेनिंग देतात. ते वर्गात असेल किंवा ऑनलाइन. हजेरी किंवा लॉगिनचे तास नोंदले जातात आणि ते पूर्ण झाल्यावर परीक्षेचा मार्ग मोकळा होतो.

बाकीचे आकडे कुठून येतात? २००० सालच्या नियमांत वैयक्तिक एजंटला १०० तास होते, पुढे ते ५० झाले. जुने एजंट अजून हेच आकडे सांगतात. शिवाय ५० तास आजही अस्तित्वात आहेत, पण ते बँकेसारख्या कॉर्पोरेट एजंटच्या काउंटरवर विमा विकणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी. त्याला बारावी पास असावं लागतं, आणि त्याच्या प्रमाणपत्राला तीन वर्षांची मुदत असते. बँकेतल्या मित्राने सांगितलं म्हणून त्याचे नियम स्वतःला लावू नका.

तिसरा आकडा १५ तासांचा. तो ‘पॉइंट ऑफ सेल्स पर्सन’, म्हणजे पीओएसपीचा. ऑनलाइन कंपन्यांच्या जाहिरातींत दिसतो तो हाच. त्यातही दहावी पास लागतं आणि परीक्षा असते, पण ती कंपनी किंवा मध्यस्थ स्वतः घेतो, आणि विकता येतात ती फक्त त्यासाठी ठरवून दिलेली साधी उत्पादनं. या परीक्षेवर पूर्ण एजंटची नेमणूक मिळत नाही.

ट्रेनिंगबद्दल एक कळकळीचं सांगणं. तास नुसते भरून काढायची वाट धरू नका. ‘लॉगिन आमच्याकडे द्या, आम्ही चालवतो’ असं सांगणारे लोक भेटतात. परीक्षेत प्रश्न याच २५ तासांतून येतात, आणि परीक्षेनंतर पुन्हा कुणी तुम्हाला प्रस्ताव अर्जातला प्रत्येक रकाना समजावून सांगायला बसत नाही.

मी थेट परीक्षेला बसू शकतो का?

नाही. आधी कंपनी ठरवावी लागते. तिथले विकास अधिकारी किंवा शाखेतले लोक तुमची कागदपत्रं घेतात: दहावीचं प्रमाणपत्र, पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो, बँक खातं. कंपनी नियामकाच्या एजन्सी पोर्टलवर तुमचा पॅन तपासते. त्या पॅनवर आधीच दुसरी एजन्सी आहे का, नाव काळ्या यादीत आहे का, हे तिथे कळतं. सगळं ठीक असेल तर तुमच्यासाठी यूआरएन हा संदर्भ क्रमांक तयार होतो. परीक्षेची तारीख आणि केंद्र त्याच क्रमांकावर मिळतं.

इथे सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. पॅनवर ‘सुनीता रमेश जाधव’, दहावीच्या प्रमाणपत्रावर लग्नाआधीचं नाव, आधारवर आडनाव आधी. परीक्षा केंद्रावर ओळखपत्र आणि प्रवेशपत्र जुळलं नाही तर आत सोडत नाहीत. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी यूआरएन बनवायला देण्याआधीच पॅन आणि आधार एकसारखं करून घ्यावं, आणि जुन्या नावाच्या दाखल्यासोबत विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत ठेवावी.

परीक्षा कशी असते? मराठीतून देता येते का?

संगणकावर, एका तासात ५० प्रश्न, प्रत्येकाला पर्याय दिलेले. उत्तीर्ण व्हायला ३५ टक्के लागतात. ५० पैकी साडेसतरा होतात, म्हणजे प्रत्यक्षात १८ प्रश्न बरोबर यायला हवेत. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका.

मराठीतून देता येते, आणि आयसी-३८ मराठीतही आहे. फक्त भाषा नोंदणीच्या वेळीच निवडावी लागते. एक अडचण मात्र खरी आहे: मराठी पुस्तकातले काही शब्द रोजच्या बोलण्यातले नाहीत. ‘विमायोग्य हितसंबंध’, ‘परम सद्भाव’, ‘समनुदेशन’ हे शब्द कंपनीत कुणी बोलत नाही, तिथे इन्शुरेबल इंटरेस्ट, अटमोस्ट गुड फेथ, असाइनमेंट चालतं. अभ्यास करताना दोन्ही शब्द शेजारी लिहून ठेवा.

नेमके प्रश्न कसले येतात? अभ्यास कुठून सुरू करू?

पुस्तकात सगळ्यांसाठी सामाईक भाग असतो: विम्याची तत्त्वं, करार, ग्राहकसेवा, तक्रार निवारण. त्यानंतर आयुर्विमा, आरोग्य किंवा सर्वसाधारण विमा, तुमच्या शाखेप्रमाणे. सामाईक भाग नीट केला तर १८ चा आकडा फार दूर राहत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

इन्शुरेबल इंटरेस्टचंच घ्या, म्हणजे ज्याचा विमा काढला त्याचं काही बरंवाईट झालं तर विमा घेणाऱ्याला पैशाचा तोटा होणं. प्रश्न असा येतो की तो कधी असायला हवा. आयुर्विम्यात पॉलिसी घेताना असला म्हणजे झालं. आगीच्या विम्यात पॉलिसी घेताना आणि नुकसान होतानाही लागतो. सागरी विम्यात नुकसान होताना असला की पुरे. पाठ करायला जाल तर तिन्हींची सरमिसळ होते. त्यामागचं कारण धरा. समुद्रातला माल वाटेतच विकला जातो, त्यामुळे विमा घेणारा एक आणि नुकसान सोसणारा दुसरा असू शकतो. घर किंवा गोदाम विकून टाकलं तर जुन्या मालकाचं नुकसानच होत नाही, मग भरपाई कसली? आयुर्विम्यात भरपाईचा हिशेब नसतोच, रक्कम आधीच ठरलेली असते.

आकडेमोडीत मानवी जीवन मूल्य हमखास येतं. समजा एका माणसाची वर्षाची कमाई ३,६०,००० रुपये आहे. त्यातले ९०,००० तो स्वतःवर खर्च करतो. घराला उरतात २,७०,०००. तो गेला तर एवढी रक्कम दरवर्षी व्याजातून यायला किती पैसे ठेवावे लागतील, हा प्रश्न आहे. व्याज ६ टक्के धरलं तर २,७०,००० भागिले ०.०६, म्हणजे ४५ लाख. बहुतेकांची चूक होते ती स्वतःचा खर्च वजा न करण्यात. ३,६०,००० वरून हिशेब केला तर ६० लाख येतात, आणि पर्यायांत हा चुकीचा आकडाही ठेवलेला असू शकतो.

कलमांपैकी चार पक्की करा: ३८ असाइनमेंटचं, म्हणजे पॉलिसी दुसऱ्याच्या नावे करण्याचं, ३९ नॉमिनेशनचं, ४१ कमिशनमधून ग्राहकाला सूट देण्यावरच्या बंदीचं, आणि ४५ तीन वर्षांनंतर पॉलिसीवर हरकत घेता येत नाही हे सांगणारं. कलम ४१ परीक्षेपुरतं ठेवू नका. ‘पहिला हप्ता तुम्हीच भरा ना’ असं ग्राहक पहिल्याच महिन्यात म्हणेल. ते मान्य करणं बेकायदा आहे आणि दंड दहा लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो.

जुन्या नोट्सपासून सावध राहा. ‘फ्री लुक’, म्हणजे पॉलिसी हातात आल्यावर ती परत करण्याची मुदत, पूर्वी साधारण १५ दिवस असायची, २०२४ च्या नियमांनी ती ३० दिवस झाली. मोबाईलवर फिरणाऱ्या प्रश्नसंचांत जुनंच उत्तर असतं. पुस्तकाची चालू आवृत्तीच वाचा.

नापास झालो तर?

पुन्हा शुल्क भरून पुन्हा बसता येतं. तोच प्रश्नसंच पुन्हा येईल या भरवशावर मात्र राहू नका.

पास झालो, पण लगेच काम सुरू केलं नाही. निकाल किती दिवस चालतो?

बारा महिने. पहिल्यांदा एजंट म्हणून नेमणूक घेण्यासाठी परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्र एवढाच काळ ग्राह्य आहे. या काळात कुठल्याही कंपनीकडे अर्ज करता येतो, ज्या कंपनीने ट्रेनिंग दिलं तिच्याकडेच जायला हवं असं नाही.

समजा कराडजवळच्या गावातली एक ताई १२ जून २०२४ ला पास झाली. मध्ये बाळंतपण आलं, काम राहिलं. मे २०२५ मध्ये तिने शाखेत जाऊन नेमणुकीचा अर्ज पूर्ण केला तर त्याच निकालावर काम होतं. ती ऑगस्टमध्ये गेली तर परीक्षा पुन्हा. म्हणून घरच्या कारणाने थांबायचं असेल तरी नेमणूक घेऊन मग थांबणं चांगलं. मात्र कंपनीची वर्षाला किमान व्यवसायाची अट काय आहे, हे आधी विचारा.

पास झाल्यावर आणि नेमणूकपत्र येण्याआधीच्या दिवसांत पॉलिसी विकायची नाही. नेमणुकीशिवाय एजंट म्हणून काम करणाऱ्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि अशा माणसाकडून काम करून घेणाऱ्या कंपनीला एक कोटीपर्यंत. ‘कोड यायचाय, तोवर माझ्या कोडवर टाक’ असं कुणी अनुभवी एजंट म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा. तो धंदा त्याचा होतो, पुढची कमिशनंही त्याचीच.

मग मुदत किती? तीन वर्षांनी नूतनीकरण करायचं ना?

नाही. वैयक्तिक एजंटच्या नेमणुकीला तीन वर्षांची मुदत नाही आणि नियामकाकडे नूतनीकरणही नाही. जुन्या परवान्याला तीन वर्षांची मुदत असायची. तो संपण्याआधी पुन्हा २५ तासांचं ट्रेनिंग घेऊन आणि २५० रुपये शुल्क भरून नवा करून घ्यावा लागे. ते सगळं परवान्याबरोबरच गेलं. आताची नेमणूक तुम्ही राजीनामा देईपर्यंत किंवा कंपनी ती रद्द वा निलंबित करेपर्यंत चालू राहते.

तेव्हा ‘तुमचं लायसन्स संपतंय, रिन्यूअलचे इतके रुपये पाठवा’ असा फोन आला तर पैसे पाठवू नका. असे फोन नवख्या एजंटांना आणि जुन्या, वयस्कर एजंटांना जास्त येतात. ओळखायला सोपं आहे: वैयक्तिक एजंटकडून नूतनीकरण शुल्क घेणारं कुणी कायद्यात उरलेलंच नाही. शंका असेल तर शाखेत जा, किंवा agencyportal.irdai.gov.in या पोर्टलवर पॅन टाकून स्वतःची नोंद बघा.

नूतनीकरण नाही म्हणजे एजन्सी कायमची, असंही समजू नका. कंपन्यांच्या स्वतःच्या अटी असतात आणि वर्षाला ठरावीक व्यवसाय झाला नाही तर कंपनी नेमणूक संपवू शकते. पूर्वी तीन वर्षांनी एक तारीख येत होती आणि माणूस जागा होत होता. आता तशी तारीख नाही, पत्रच येतं. म्हणून कंपनीचं एजन्सी वर्ष कुठल्या तारखेला सुरू होतं, ते नेमणूकपत्रावर पाहून लिहून ठेवा.

एकाच वेळी किती कंपन्यांचं काम करता येतं?

आयुर्विम्याची एक, सर्वसाधारण विम्याची एक, आरोग्य विम्याची एक. एकाच प्रकारचा विमा करणाऱ्या इतर कंपन्या असतील तर त्या प्रत्येक प्रकारातलीही एक. दोन किंवा जास्त कंपन्यांचं काम असं करणाऱ्याला कॉम्पोझिट एजंट म्हणतात. दोन आयुर्विमा कंपन्या एकदम मात्र चालत नाहीत, आणि पोर्टलवर पॅन टाकताच ते दिसतं.

कंपनी बदलायची असेल तर?

इथे माणसं सगळ्यात जास्त फसतात, कारण या टप्प्यावर नवी कंपनी गोड बोलते आणि जुनी कागद देत नाही.

आधी जुन्या कंपनीला लेखी राजीनामा द्यायचा आणि नेमणूकपत्र व ओळखपत्र परत करायचं. कंपनीने १५ दिवसांत कार्यमुक्तीचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. त्याला बोलताना सगळे सेसेशन सर्टिफिकेट म्हणतात. नवी कंपनी त्या प्रमाणपत्राच्या तारखेपासून ९० दिवसांनंतरच तुमच्या अर्जाचा विचार करू शकते.

तारखा घालून पाहू. नाशिकमधल्या एका एजंटने १६ फेब्रुवारीला राजीनामा दिला. प्रमाणपत्र ३ मार्चच्या तारखेचं आलं. ९० दिवस ३ मार्चपासून मोजायचे, राजीनाम्यापासून नाही. मार्चचे उरलेले २८, एप्रिलचे ३०, मेचे ३१, झाले ८९. म्हणजे १ जूनला ९० पूर्ण होतात, आणि त्याची फाईल त्यानंतरच पुढे सरकते. जुन्या कंपनीने प्रमाणपत्राला महिना लावला असता तर हा सगळा हिशेब महिन्याने पुढे गेला असता. म्हणून राजीनाम्याची पोच, शिक्का आणि तारखेसह, घेतल्याशिवाय शाखेतून बाहेर पडू नका. ईमेलही पाठवा. १५ दिवस उलटले तर त्याच पोचेच्या आधारे कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लिहिता येतं.

या तीन महिन्यांत त्या प्रकारचा नवा विमा विकता येत नाही, म्हणजे नवं कमिशन नाही. घरखर्चाची सोय आधी करून मगच राजीनामा द्या. जुन्या पॉलिसींवरच्या नूतनीकरण कमिशनचं काय होणार, हेही राजीनाम्याच्या आधी करारात वाचा, कारण सही झाल्यावर ते बदलून मिळत नाही. आणि जुन्या ग्राहकांच्या चालू पॉलिसी मोडून नव्या कंपनीत न्यायला लावू नका. कलम ४५ ची तीन वर्षं नव्या आयुर्विमा पॉलिसीत पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होतात, आणि मधल्या काळात काही झालं तर भोगतं ते ग्राहकाचं घर.

नेमणूक नाकारली किंवा रद्द केली तर दाद कुठे?

आधी कंपनीकडेच. नकाराचं कारण लेखी द्यायला हवं, आणि त्यावर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे फेरविचाराचा अर्ज करता येतो. कारण साधं असेल, जसं पॅनवर एखादी विसरलेली जुनी एजन्सी दिसणं, तर अपिलाआधी त्या जुन्या कंपनीकडून सेसेशन सर्टिफिकेट मागा. कॉलेजात असताना कुणाच्या आग्रहाने परीक्षा दिली होती आणि पुढे एकही पॉलिसी केली नाही, अशांच्या पॅनवर ही नोंद हमखास निघते. त्यांनाही ९० दिवस थांबावंच लागतं, म्हणून नव्या कंपनीत जाण्याआधी पोर्टलवर स्वतःचा पॅन एकदा टाकून पाहा.